वर्गात बासष्ट मुलं, खिशात तीनशे रुपये: बालदिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझ्याकडे तिसरी आणि चौथी असा जोडवर्ग आहे. पटावर बासष्ट मुलं, खोली एकच. केंद्रातल्या शिक्षक-शिक्षिका दिवाळीच्या आगेमागे फोन करून बालदिनाबद्दल जे प्रश्न विचारतात, तेच इथं उत्तरांसह मांडले आहेत. उत्तरं माझ्या वर्गावर बेतलेली आहेत. तुमच्याकडे चाळीस मुलं असतील तर काम सोपं होईल, ऐंशी असतील तर गट वाढवावे लागतील.

मोठ्या वर्गात खरी अडचण कशाची असते? पैशांची?

नाही, वाट बघण्याची. पहिल्या वर्षी मी संगीतखुर्ची, लिंबू-चमचा आणि चित्रकला स्पर्धा ठेवली होती. संगीतखुर्चीत दहा मुलं खेळत होती आणि बावन्न मुलं भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या फेरीत बाद झालेला पोरगा पुढची वीस मिनिटं काय करणार? तो शेजारच्याला चिमटे काढणार. मी दिवसभर शिट्टी वाजवत फिरले आणि संध्याकाळी घसा बसला.

त्यानंतर कुठलाही उपक्रम निवडताना मी एकच हिशेब करते: एका वेळी किती हात कामात असतील? उत्तर बासष्ट आलं तरच तो घ्यायचा. त्यामुळे बाद होण्याचे खेळ आपोआप गळतात. रांगेत उभं राहून एकेकानं करायच्या गोष्टी गळतात, चार मुलांची भाषणंही गळतात. उरतात त्या गोष्टी बहुतेक फुकटच असतात, कारण बासष्टांना एकदम पुरेल असं सामान विकत आणणं परवडतच नाही.

गट कसे पाडायचे?

बासष्टचे आठ गट केले तर सहा गटांत आठ-आठ आणि दोन गटांत सात-सात मुलं येतात. प्रत्येक गटात चौथीतला एक कारभारी. कारभारी हुशार असण्यापेक्षा हाताचा चपळ आणि स्वभावानं शांत असावा. माझ्याकडे एक मुलगी वाचनात मागे आहे, पण घडी घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही, ती कारभारीण होती.

गटांना मी फळाफुलांची नावं देत नाही, आपल्या नद्यांची देते: तापी, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई. बरोबर आठ होतात. पुढं गोष्टीत या नावांचा उपयोग होतो.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत आठ कारभाऱ्यांना घेऊन बसा आणि सगळी कृती एकदा करून घ्या. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवला की दुसऱ्या दिवशी दोन तास जातात, हे मी अनुभवानं सांगते.

मुख्य उपक्रम कोणता ठेवता?

रद्दीच्या एका पानाचा. त्याच पानाची आधी टोपी, मग होडी आणि शेवटी गोष्ट सांगता सांगता त्याच होडीचा सदरा. बऱ्याच जणांना टोपी येते, काहींना होडी येते, पण होडीचा सदरा होतो हे फार थोड्यांना माहीत असतं. मुलं शेवटी जो आवाज करतात तो ऐकण्यासाठी तरी करून बघा.

कागद किती लागतो ते आधी बघू. मोठ्या आकाराच्या मराठी दैनिकाचं एक सुटं पान, म्हणजे मधल्या घडीवर फाडलेला अर्धा ताव, लहान मुलाच्या डोक्याला बेताचा होतो. पूर्ण ताव घेतला तर टोपी नाकापर्यंत येते. बारा पानी अंकात अशी सहा सुटी पानं निघतात. बासष्ट मुलांना अकरा अंक लागतात. वर दहा-बारा पानं जास्तीची ठेवायची, म्हणजे तेरा अंक झाले. गावातल्या किराणा दुकानात, सलूनमध्ये किंवा ग्रामपंचायतीत मागितले की मिळतात. गुळगुळीत पुरवण्या घेऊ नका, त्यांची घडी बसत नाही, सुटते.

टोपी आणि होडीची घडी बासष्ट मुलांना एकदम कशी शिकवायची?

सुटं पान उभं धरा आणि वरची कड खालच्या कडेवर आणून अर्ध्यात दुमडा. आता दुमड वर, उघडी बाजू खाली. वरचे दोन्ही कोपरे मध्यावर आणा, म्हणजे घराच्या छपरासारखा आकार होतो. खाली चार बोटं रुंदीची पट्टी उरते. एक पट्टी पुढून वर दुमडा, कागद पालथा करा, दुसरी पट्टी मागून वर दुमडा. टोपी झाली. डोक्याला ढिली होत असेल तर पट्टी दुमडण्याआधी दोन्ही बाजू दोन-दोन बोटं आत घ्यायच्या. होडी करताना ही आतली दुमड पुन्हा मोकळी करावी लागते, हे लक्षात ठेवा.

आता होडी. टोपीच्या आत दोन्ही अंगठे घालून तिचं तोंड उघडा आणि उघडत न्या, म्हणजे ती चपटी होऊन चौकोनी शंकरपाळ्यासारखी होते. इथं पट्ट्यांची टोकं एकमेकांवर येतात, त्यातलं एक टोक दुसऱ्याखाली खोचायचं. शंकरपाळ्याचं उघडं टोक खाली ठेवा. खालची पुढची पाकळी वरच्या टोकापर्यंत न्या, मागची मागून तशीच. परत त्रिकोण मिळतो. त्रिकोणाच्या पोटात अंगठे घालून पुन्हा शंकरपाळं करा. शेवटी वरच्या टोकाला दोन बाजूंना ज्या दोन पाकळ्या दिसतात, त्या दोन हातांत धरून हळूच बाहेर ओढा. होडी उभी राहते.

बासष्ट मुलांच्या वर्गात एकाच वेळी हे करून घेताना माझा एक नियम आहे. घडी झाली की कागद डोक्यावर ठेवायचा आणि हात मांडीवर. सगळ्या डोक्यांवर कागद दिसल्याशिवाय मी पुढची घडी सांगत नाही. त्यामुळे मागं कोण राहिलं हे एका नजरेत कळतं आणि ज्यांचं झालंय ते कागदाशी खेळत बसत नाहीत. मागं राहिलेल्याकडे मी जात नाही, कारभारी जातो.

अडतं एकाच ठिकाणी, टोपीचं शंकरपाळं करताना. मुलं अंगठे आत घालायच्या ऐवजी बाहेरून ओढतात आणि कागद परत आयताकृती होतो. असं झालं की त्या मुलाला टोपी डोक्यावर घालायला सांगा, मग ती काढून ज्या बाजूनं डोकं आत गेलं तिथंच अंगठे घालायला सांगा. बहुतेकांना लगेच जमतं.

होडीचा सदरा कसा होतो? गोष्ट कुठली सांगता?

होडी आणि सदऱ्याची ही युक्ती जुनी आहे, जगभर सांगतात. त्यात समुद्र, जहाज आणि कप्तान असतो. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, तापी पाहिली आहे. म्हणून आमची होडी तापीत सोडतो.

गोष्ट अशी. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून एका नावाड्यानं होडी सोडली. (पूर्णा गटानं इथं ओरडून पाण्याचा आवाज करायचा.) होडी पुढं निघाली. वाघूर आली, गिरणा आली, बोरी आणि अनेर आल्या. जी नदी येईल तो गट आवाज करतो आणि पाणी वाढत जातं. मुडावदला पांझरा आली तेव्हा पाण्याचा असा लोंढा आला की होडीचं नाक खडकावर आपटलं. इथं सगळ्यांनी होडीचं पुढचं टोक फाडायचं. नावाडी म्हणाला, नाक गेलं तर गेलं, होडी तर आहे. पुढं सारंगखेडा. तिथं घोड्यांचा बाजार भरला होता, एक घोडा पाणी प्यायला उतरला आणि त्यानं मागच्या बाजूला अशी लाथ घातली की शेपटीकडचं टोक गेलं. मागचं टोक फाडा. कशीबशी होडी प्रकाशाला पोहोचली, गोमाई आली, वारं सुटलं आणि शिडाचं टोक मोडलं. मधलं वरचं टोक फाडा. होडी बुडाली. नावाडी पोहत काठाला लागला आणि त्याच्या हातात काय राहिलं? आता सगळ्यांनी होडी हळूहळू उलगडायची. हातात सदरा येतो, गळा आणि दोन बाह्यांसकट.

प्रत्येक वेळी काही मोडलं की मुलं एकसुरात म्हणतात, "आते काय व्हई?" हे मी लिहून दिलेलं नाही. पहिल्या वर्षी एका मुलानं आपोआप म्हटलं आणि ते चिकटलं. अहिराणी बोलणारी मुलं त्या क्षणी वर्गाचा ताबा घेतात. तुमच्याकडे पावरी किंवा भिल्ली बोलणारी मुलं असतील तर त्यांना विचारा, हे तुमच्या बोलीत कसं म्हणाल, आणि तेच घ्या. लेवा बोलीच्या पट्ट्यात तिथलं घ्या.

फाडताना एक काळजी. मुलं जोशात मोठा तुकडा ओढतात. अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढंच फाडायचं. विशेषतः मधलं टोक जास्त फाडलं तर गळा इतका मोठा होतो की सदऱ्याचे दोन तुकडे पडतात. हे गोष्टीआधी सांगायचं, गोष्टीत सांगून उपयोग नाही, तेव्हा कुणी ऐकत नसतं. जास्तीची पानं याचसाठी ठेवली आहेत. आणि आपण स्वतः दाखवताना पूर्ण ताव घ्या, म्हणजे मागच्या बाकावरूनही दिसतं. घरी दोनदा करून बघा. भरवर्गात शिक्षिकेच्या हातात सदऱ्याऐवजी दोन तुकडे आले की काय होतं ते मला विचारू नका.

रंगकामासाठी खर्च न करता काय करता येईल?

रंगपेट्या बासष्ट मुलांना परवडत नाहीत आणि असलेल्या दहा पेट्यांवर भांडणं होतात. आम्ही हळदीचा कागद करतो. हळद साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्याला लागली की लाल होते, हे प्रत्येक बाईला कपडे धुताना माहीत असतं. तोच आमचा रंग.

एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चार चमचे हळद कालवायची. जुन्या वह्यांची कोरी पानं अर्धी कापून घ्यायची, त्यावर कापसाच्या बोळ्यानं हळदीचं पाणी फासायचं. बासष्ट तुकड्यांना दोन पेले पुरतात. कापूस इथं विकत आणावा लागत नाही, दप्तरातच मिळतो. कागद सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर हळद उडते आणि दुपारपर्यंत पिवळा कागद फिका पडतो. हे काम आदल्या दिवशी कारभाऱ्यांकडून करून घ्या.

दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या वडीचा एक तुकडा एका वाटीभर पाण्यात विरघळवा. प्रत्येक गटाला एका बशीत जुन्या सुती कापडाची घडी ठेवून त्यावर ते पाणी ओता. झाली ठसेपेटी. ठशांसाठी भेंडी आडवी कापली की फुलासारखा पाच पाकळ्यांचा ठसा मिळतो. पाव किलो आणा, एक भेंडी दोघांना पुरते. कापून मधल्या बिया थोड्या काढल्या तर ठसा जास्त उठून दिसतो. मुलानं भेंडी कापडावर दाबून पिवळ्या कागदावर टेकवली की लालसर फूल उमटतं. पहिलं फूल उमटताना मुलं शांत होतात, मग एकदम बोलू लागतात.

रंग उमटलाच नाही तर दोन कारणं असतात. एक म्हणजे अंगाला लावायचा साबण वापरलाय, तो फार सौम्य असतो, धुण्याचीच वडी घ्या. दुसरं, हळद पातळ झाली आहे. आदल्या दिवशी एका तुकड्यावर तपासून बघितलं की दोन्ही कळतं. साबणाचे हात डोळ्यांना लावू नका हे मुलांना सांगा आणि दाराशी पाण्याची बादली ठेवा.

केळीचे ठसे करता येतील का? आमच्याकडे बागाच बागा आहेत.

येतात, आणि फार देखणे येतात. केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला की आत हवेचे कप्पे असतात, त्याचा ठसा जाळीसारखा दिसतो. शहाद्याकडच्या माणसांना पपईच्या पानाचा देठ सुचवेन. तो आतून पोकळ असतो, त्यामुळे गोल कडं उमटतं.

पण दोन्हीकडे चीक आहे. केळीचा चीक गणवेशाला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कशानं जात नाही. यावरून एका वर्षी एक आई शाळेत आली होती आणि तिचं बरोबर होतं. पपईचा चीक काही मुलांच्या कातडीला खाजतो. म्हणून दांडे पहाटे कापून तासभर रद्दीवर उभे ठेवा, चीक गळू द्या, मग पुसून वरचा पातळ काप काढून टाका. तरी मुलांना जुने कपडे घालून यायला सांगा. एवढं करायला वेळ नसेल तर भेंडीच बरी.

मैदानात काय खेळायला लावायचं?

ज्यात कुणी बाद होत नाही असं काहीही. विष-अमृत त्यात सगळ्यात सोपं. ज्यांच्यावर राज्य आहे त्यांनी शिवलं की जागच्या जागी थिजायचं, दुसऱ्यानं 'अमृत' म्हणून हात लावला की सुटायचं. बासष्ट मुलांत एकावर राज्य दिलं तर तो दमून जातो, त्यामुळे पाच-सहा जणांना एकदम राज्य द्या आणि त्यांच्या हाताला कापडाची पट्टी बांधा, म्हणजे ओळखू येतात. दर पाच मिनिटांनी ते बदला. मैदानाची हद्द चुन्यानं आखा. नाहीतर अर्धी मुलं शेजारच्या कपाशीत सापडतील.

ऊन जास्त असेल तर चिंचोक्यांची एकी-बेकी. प्रत्येकाला दहा चिंचोके. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं मुठीत काही चिंचोके लपवायचे, दुसऱ्यानं एकी की बेकी ते सांगायचं. बरोबर आलं तर मुठीतले त्याचे, चुकलं तर तेवढे द्यायचे. एकाच वेळी बासष्ट मुलं खेळतात आणि वर्ग चक्क शांत असतो, फक्त 'एकी', 'बेकी' ऐकू येतं. ज्याचे चिंचोके संपतील त्याला कारभाऱ्याकडून पाच उसने मिळतात, कर्ज लिहून ठेवायचं. गणित शिकवतेय असं मात्र म्हणू नका, मजा जाते.

चिंचोके घरोघर असतात. आठवडाभर आधी सांगितलं की डबा भरून येतो. पहिली-दुसरीच्या वर्गात चिंचोके नकोत. त्या वयाची मुलं ते नाकात किंवा कानात घालतात, आणि पाण्यानं फुगलेला चिंचोका काढायला दवाखाना गाठावा लागतो. त्यांना बाटल्यांची मोठी बुचं द्या.

सजावटीला किती खर्च करावा?

माझ्या मते शून्य. फुगे बासष्ट आणायचे, ते फुगवायचे, त्यातले वीस फुटायचे आणि उरलेल्यांवरून रडारड व्हायची. त्यात पैसाही जातो आणि वेळही.

इथं एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि त्याचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. गांधीजींनी शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून सजावट सोपवली आणि ती गावात मिळणाऱ्या वस्तूंनी व्हावी असं सांगितलं. बांबू, गवत, असलं साहित्य वापरून त्यांनी सगळं उभं केलं. फैजपूर आमच्या शाळेपासून फार लांब नाही. आम्ही वर्गाच्या दाराला कपाशीच्या उकललेल्या बोंडांची माळ लावतो, सुतळीवर एक बोंड, मग एक आंब्याचं पान. मुलं बोंडं आणतात, माळ करतात. चौकटीच्या दोन बाजूंना केळीचे खांब, तेही बागेतून आलेले.

मग नेहरूंबद्दल काही सांगायचंच नाही का?

सांगायचं, पण पाच मिनिटांत. जन्म १४ नोव्हेंबर १८८९, प्रयागराज म्हणजे तेव्हाचं अलाहाबाद. मी फैजपूरचं वरचं सांगते आणि आणखी एक, की १९४२ नंतर ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि तिथं त्यांनी फुलझाडं लावली. तुरुंगात बाग करणारा माणूस मुलांच्या लक्षात राहतो. पाठ केलेलं भाषण बोलणाऱ्या मुलालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

वेशभूषा स्पर्धा ठेवावी का? पालकांना आवडते.

ज्यांच्याकडे भाड्यानं पोशाख आणायला पैसे आहेत त्यांना आवडते. आमच्या गावात नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. सकाळी शेतात गेलेली आई रात्री कुठल्या उजेडात पोशाख शिवणार? मी ठेवत नाही. कागदाची टोपी सगळ्यांकडे असते आणि सगळ्यांची सारखीच असते.

खाऊ काय द्यायचा?

एक किलो भाजलेले शेंगदाणे आणि एक किलो गूळ घेतला की बासष्ट मुलांना प्रत्येकी मूठभर दाणे आणि गुळाचा बऱ्यापैकी खडा मिळतो. केळी कुणी पालक देतात, मागावी लागत नाहीत. साली गोळा करायला एक टोपली ठेवा, त्या गाईला जातात. दाणे देण्याआधी कुणाला ते सोसत नाहीत का एवढं घरी विचारून घ्या. खाऊ शेवटी द्या. मध्ये दिला की पुढचा उपक्रम विसरा.

पोषण आहार त्या दिवशीही असतो, तो टाळून खाऊवर भागवू नका. काही मुलांसाठी तेच दिवसाचं पहिलं पोटभर जेवण असतं.

एकूण खर्च किती आला?

माझा गेल्या खेपेचा हिशेब सांगते: भेंडी पाव किलो १५ रुपये, हळद शंभर ग्रॅम ३० रुपये (अर्धी उरली), धुण्याची वडी १० रुपये, शेंगदाणे १४० रुपये, गूळ ५० रुपये. एकूण २४५. रद्दी, चिंचोके, कापूस, बोंडं, केळी यांना पैसे लागले नाहीत. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील, पण तीनशेच्या वर जायचं कारण नाही.

दिवसाची वेळ कशी बांधायची?

आमची सकाळची शाळा धरून सांगते. आठला माळ लावणं आणि फैजपूरची गोष्ट. सव्वाआठला मैदानात विष-अमृत, कारण उन्ह चढलेलं नसतं. पावणेनऊला हात-पाय धुऊन आत, पाणी पिऊन टोपी आणि होडी. याला पाऊण तास द्या, गोष्टीला आणखी पंधरा मिनिटं. पावणेदहाला हळदीचे ठसे. ठसे वाळेपर्यंत एकी-बेकी. साडेदहाला खाऊ.

ठसे होडीच्या आधी घेऊ नका. ओल्या हातांनी रद्दी धरली की शाई सुटते, हात काळे होतात आणि तेच हात पिवळ्या कागदावर जातात. हे मी उलट करून बघितलं आहे.

१४ नोव्हेंबरला दिवाळीची सुट्टी असेल तर?

अशी वर्षं येतात. २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, २०२३ मध्ये त्याच दिवशी पाडवा होता. शाळा उघडल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी घ्या. दुसऱ्या शनिवारी घेतलेलं मला जास्त बरं वाटतं, कारण सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलं मामाच्या गावाहून परतलेली नसतात आणि बरीच कापूस वेचायला जातात. शुक्रवारी गावात कळवलं की शनिवारी पट भरलेला दिसतो. होडीची गोष्ट ऐकलेली मुलं इतरांना सांगतात, हेही एक कारण आहे.

वेचणीमुळे त्या शनिवारीही गैरहजर राहिलेल्यांसाठी मी आठ-दहा हळदीचे कोरे कागद आणि सुटी पानं कपाटात ठेवते. ती मुलं आल्यावर त्यांच्या गटाचा कारभारी त्यांना होडी शिकवतो. गोष्ट मात्र मीच पुन्हा सांगते, कारण कारभाऱ्यांच्या गोष्टीत घोडा दर वेळी आणखी मोठा होतो.

गणवेशावर हळद सांडली आणि आईनं साबण लावल्यावर डाग लाल झाला. आता?

घाबरू नका म्हणून सांगा. साबणामुळेच तो लाल झाला आहे. स्वच्छ पाण्यानं साबण पूर्ण निघून गेला की परत पिवळा होतो, आणि मग कपडा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवला की हळद उडून जाते. बालदिनाच्या दिवशीच मुलांना घरी हे सांगायला सांगा, म्हणजे सोमवारी फाटकापाशी कुणी वाट बघत उभं राहणार नाही.